‘पे-टू-विन’ला मराठीत काय म्हणाल? आणि ‘कॉस्मेटिक’ला?

मृगनक्षत्र
एका दिवाळी अंकासाठी मोबाइल गेमवरच्या लेखाचं भाषांतर करते आहे. लेखकाने फुकट मिळणाऱ्या गेमचे दोन प्रकार केले आहेत, ‘पे-टू-विन’ आणि ‘कॉस्मेटिक-ओन्ली’. पहिल्याला मी ‘पैसे मोजा, जिंका’ लिहिलं, तर संपादकांनी विचारलं, जुगाराबद्दल आहे का? दुसऱ्याला ‘सौंदर्यप्रसाधनांपुरते’ लिहायला हात धजेना. मी स्वतः गेम खेळत नाही. आधी नेमका फरक कळला तर शब्द सुचेल.

जुनी_पाटी
संपादकांची शंका रास्त आहे. ऑनलाइन रमीत पैसे लावून जिंकायचं, तेच ना हे? २०२५च्या ऑगस्टमध्ये संसदेने त्यावर कायदाही केला. मग ‘पैशांचा डाव’ हा शब्द आपल्याकडे आहेच की.

गनप्रॉपर्टी_ऑफ
नाही काका, ते वेगळं. रमीत पैसे लावतात ते पैसे परत मिळावेत म्हणून. पे-टू-विनमध्ये गेलेला रुपया कधीच परत येत नाही. त्याच्या बदल्यात गेममधली ताकद मिळते, बस.

ताई, मी फ्री फायर खेळायचो, आता मॅक्स खेळतो, म्हणून त्यातलंच सांगतो. त्यात बंदुकीची ‘स्किन’ मिळते. स्किन म्हणजे वरचा रंग, नक्षी. नावावरून वाटतं की ही फक्त दिसायची गोष्ट. पण स्किन उघडली की खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं: डॅमेजपुढे दोन अधिक चिन्हं, गोळ्यांच्या वेगापुढे एक, आणि रीलोडपुढे एक वजा. म्हणजे तीच एम१०१४ बंदूक माझ्याकडे साधी आणि समोरच्याकडे स्किनवाली असेल, तर दोघांच्या गोळीचं वजन सारखं राहत नाही. चांगल्या स्किन बहुतेक डायमंड घालून चक्र फिरवल्यावर मिळतात आणि डायमंड रुपयांनी घ्यावे लागतात.

म्हणून आमच्या गावात वन-व्हर्सेस-वन लावायचं ठरलं की पहिली अट एकच असते: ‘गन प्रॉपर्टी ऑफ’. कस्टम रूम, म्हणजे आपापसात खेळायचा सामना, बनवताना ते बटण असतं. ते बंद केलं की स्किन दिसते तशीच दिसते, पण अधिक-वजा निघून जातं. त्यानंतर जो हरतो तो हाताने हरतो. माझ्या मते फरक ओळखायची खूण हीच. जे बंद केल्याशिवाय सामना बरोबरीचा होत नाही, ते पे-टू-विन. जे चालू असूनही कुणाची तक्रार नसते, ते कॉस्मेटिक.

मृगनक्षत्र
हे छान कळलं. म्हणजे ‘स्किन’ शब्द दिसला की तो कॉस्मेटिकच, असं धरून चालायचं नाही.

संक्रांतीचा_पतंग
आमच्या लहानपणीच्या भाषेत सांगतो. पतंगाचा कागद कितीही भारी आणला तरी त्याने काटाकाटी जिंकता येत नाही. मांजा भारी आणला तर येते. कागद म्हणजे तुमचं कॉस्मेटिक, मांजा म्हणजे पे-टू-विन. आमच्या आळीत एकाचे वडील त्याला सुरतेचा मांजा आणून द्यायचे. त्याला ढील देता येत नव्हती, तरी संध्याकाळपर्यंत त्याचाच पतंग वर असायचा. अजून आठवतं.

ट्रॉफीवाला
इथे सगळे एक गोष्ट विसरताहेत. बहुतेक गेममध्ये फुकट खेळणाऱ्यालाही शेवटी सगळं मिळतं, फक्त वेळ लागतो. क्लॅश रोयाल या कार्डांच्या लढाईच्या गेममध्ये मी एक पैसा न घालता कार्डं वरच्या लेव्हलपर्यंत नेली आहेत. त्याला फार तर ‘पैसे द्या, वेळ वाचवा’ म्हणा. पे-टू-विन म्हणजे जे पैशाशिवाय मिळूच शकत नाही ते. ईए कंपनीच्या स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २ वर २०१७ साली गदारोळ झाला, ते खरं पे-टू-विन.

एलिक्सिर_साडेनऊ
बॅटलफ्रंट २ मध्येही पात्रं खेळून मिळायची, फक्त वेळ फार लागायचा. आणि तो मुळात विकत घ्यायचा गेम होता, पूर्ण किमतीचा. लोक चिडले ते त्यामुळेही. फुकट गेमच्या चर्चेत तो नीट बसत नाही.

क्लॅश रोयालचं मात्र जरा उकलून बघू, कारण तिथे बंद करायला बटण नसतं. शिडीवरच्या, म्हणजे ट्रॉफी मिळवत वर चढायच्या नेहमीच्या सामन्यात ज्याच्या कार्डाची जी लेव्हल असेल ती तशीच धरतात. मस्केटियर ही बंदूकवाली आणि फायरबॉल हा आगीचा गोळा, दोन्ही कार्डं ४ एलिक्सिरची; एलिक्सिर म्हणजे कार्ड टाकताना खर्च होणारं इंधन. दोन्ही एकाच लेव्हलची असतील तर फायरबॉल पडल्यावर मस्केटियर अगदी थोड्या जिवावर वाचते आणि गोळ्या झाडत राहते. बरीच वर्षं आकडे असेच ठेवलेले होते. एक लेव्हल वाढली की कार्डाची ताकद साधारण १० टक्क्यांनी वाढते. समोरच्याचा फायरबॉल एका लेव्हलने वर असला तर तीच मस्केटियर जागेवर मरते. मी चूक काहीच केलेली नसते. तेच कार्ड, तीच जागा, तीच वेळ, तरी माझे ४ एलिक्सिर वाया जातात आणि त्याचे वसूल होतात.

लेव्हल वाढवायला कार्डाच्या प्रती आणि सोनं लागतं. ते रोज खेळून साचतं, किंवा पैसे देऊन जेम्स घेतले की लगेच मिळतं. ‘शेवटी सगळ्यांना मिळतं’ हे खरं आहे, पण सामना शेवटी होत नाही, आज होतो. आज माझ्यासमोर जो येतो त्याची लेव्हल आजचीच असते.

ट्रॉफीवाला
पण गेम ट्रॉफी बघूनच जोडी लावतो. पैसेवाला वर चढला की त्याच्यापुढे तगडे खेळाडू येतात आणि तोही हरायला लागतो. मग जिंकला कुठे?

एलिक्सिर_साडेनऊ
हा मुद्दा बरोबर आहे, आणि शब्दाच्या दृष्टीने फार कामाचा. पैशाने सामना जिंकायची खात्री मिळत नाही. नवशिक्याला वरच्या लेव्हलची कार्डं दिली तरी जाणकार त्याला हरवतो. पैशाने मिळते ती पायरी. तुमच्याइतकंच कसब असलेला माणूस तुमच्यापेक्षा काही पायऱ्या वर बसतो, आणि तिथे त्याचे हार-जीत पुन्हा निम्मे-निम्मे होतात. म्हणून ‘विन’चं भाषांतर ‘विजय’ करू नका. ‘विकतचा विजय’ ऐकायला छान वाटतं, पण ते खोटं पडतं.

त्यापेक्षा ‘बळ विकणारे गेम’ आणि ‘रूप विकणारे गेम’ असं लिहा. डोटा २ मध्ये सगळे हीरो, म्हणजे खेळायची पात्रं, पहिल्या दिवसापासून सगळ्यांना फुकट असतात, विकतात ते फक्त त्यांचे पोशाख. तो रूप विकणारा गेम. आणि रूप विकून धंदा होत नाही असंही नाही, फोर्टनाइट पोशाख आणि नाच विकूनच एवढा मोठा झाला.

जुनी_पाटी
रूप आणि बळ, जोडी चांगली आहे. रमीबद्दलचं माझं म्हणणं मागे घेतो. ‘दिखाऊ’ मात्र वापरू नका, त्यात नाव ठेवल्याचा सूर येतो.

गनप्रॉपर्टी_ऑफ
माझी एक अडचण आहे. वॉरझोन या बंदुकांच्या गेममध्ये रोझ नावाच्या पात्राचा नखशिखांत काळा पोशाख होता. आकडा एकही बदलत नव्हता, कागदावर शुद्ध रूप. पण अंधाऱ्या कोपऱ्यात उभं राहिलं की माणूस दिसायचाच नाही. लोक त्यालाही पे-टू-विनच म्हणायचे, आणि २०२१ मध्ये बनवणाऱ्यांना तो पोशाख उजळ करावा लागला. हे रूप की बळ?

संक्रांतीचा_पतंग
आमच्यात निळ्या आभाळात निळाच पतंग उडवणारे होते. त्यांच्याशी भांडण व्हायचं.

एलिक्सिर_साडेनऊ
मी बळ म्हणेन. विकताना काय म्हणून विकलं यावरून नाही, समोरच्याचं त्यामुळे काय बिघडलं यावरून ठरवायचं.

ट्रॉफीवाला
मला नाही पटत. असं धरलं तर मोठा स्क्रीन आणि चांगला फोन घेणंही पे-टू-विन होईल. गेमच्या दुकानात जे विकलं जातं तेवढंच मोजायला हवं.

मृगनक्षत्र
काळा पोशाखही गेममध्येच पैसे देऊन मिळायचा ना पण? असो. लेखात ‘बळ विकणारे’ आणि ‘रूप विकणारे’ घेते, पहिल्या उल्लेखाला ‘पे-टू-विन’ही ठेवते, कारण मुलं तोच शब्द वापरतात. गन प्रॉपर्टीचं उदाहरण तळटीपेत घातलं तर चालेल का? मूळ लेखात ते नाही.