यथार्थदर्शनापूर्वीचे चित्रकार अडाणी होते का?

रंगपेटी (धागाकर्ता): युरोपातील चित्रकारांना पंधराव्या शतकापर्यंत चित्रात खोली दाखवताच येत नव्हती. फ्लॉरेन्सच्या वास्तुकार ब्रुनेलेस्कीने यथार्थदर्शनाचा, म्हणजे दूरच्या वस्तू किती लहान काढायच्या याचा, नियम शोधला आणि त्यांना जग जसे आहे तसे दिसू लागले. चिनी, जपानी आणि आपले जुने चित्रकार तिथवर पोहोचलेच नाहीत. कोणाला वेगळे वाटते का?

जुनी पेन्सिल: वाटते, आणि ‘दाखवताच येत नव्हती’ हे वाक्य वाचून स्वस्थ बसवेना म्हणून सविस्तर लिहितो. अम्ब्रोजो लोरेन्झेत्तीने सिएनात १३४४ साली रंगवलेले मेरी आणि देवदूताचे चित्र पाहा. त्यातील फरशीच्या आत जाणाऱ्या रेघा एकाच बिंदूकडे धावतात, आणि हे ब्रुनेलेस्कीच्या कितीतरी आधीचे आहे. गंमत अशी की ती फरशी जिथे संपते तिथे मागे सपाट सोनेरी वर्ख उभा आहे. म्हणजे रेघा कशा मिळवायच्या हे ठाऊक होते. जे ठाऊक नव्हते ते निराळेच होते.

अडचण आडव्या रेघांची होती. प्रत्येक मागची फरशी पुढच्यापेक्षा किती अरुंद काढायची? आल्बेर्तीने १४३५ साली चित्रकलेवर लिहिलेल्या ग्रंथात अशा चित्रकारांना फटकारले आहे, जे पहिले अंतर मनाला येईल तसे घेत आणि पुढचे प्रत्येक अंतर आधीच्याच्या दोन-तृतीयांश ठेवत. हे करून पाहा. फरशी १० सेंटिमीटरची, क्षितिजरेषा चित्राच्या तळापासून ३० सेंटिमीटरवर आणि पाहणाऱ्याचा डोळा कागदापासून ४० सेंटिमीटरवर धरा. खऱ्या हिशेबाने आडव्या रेघा तळापासून ६, १०, १२.९ आणि १५ सेंटिमीटरवर येतात. दोन-तृतीयांशाच्या रीतीने त्या ६, १०, १२.७ आणि १४.४ वर येतात. पहिल्या दोन तंतोतंत जुळतात, म्हणूनच डोळा फसतो. दहावी रेघ मात्र एकीत २१.४ वर, तर दुसरीत १७.७ वर असते, आणि दुसरी फरशी कितीही वाढवली तरी १८ च्या पुढे सरकत नाही. तिला ३० वरची क्षितिजरेषा कधीच गाठता येत नाही.

चूक ओळखण्याची खूण आल्बेर्तीनेच दिली आहे: फरशांच्या कोपऱ्यांतून तिरकी पट्टी लावा. फरशी बरोबर असेल तर सगळे कोपरे एका सरळ रेघेत येतात, नाहीतर रेघ वाकते. बदलले ते हे. खोली नवी नव्हती, मोजता येणारी खोली नवी होती. फरशी मोजता आली की तिच्यावर कितव्या चौकटीत उभा असलेला माणूस किती उंच काढायचा हे ठरते, आणि मग चित्राचे पैसे देणाऱ्या देणगीदाराला संतापेक्षा चिमुकला काढण्याची सोय उरत नाही.

लेन्सवाला: फरशीचे गणित मान्य, पण तुम्ही उगाच वळसा घालता आहात. मी तीस वर्षे छायाचित्रे काढतो. कॅमेरा नेमके हेच दाखवतो, आणि कॅमेऱ्याला कोणी चित्रकला शिकवलेली नसते. तेव्हा ही केवळ एक रीत नसून निसर्गाचा नियमच आहे. आपल्या भाषेत त्याला यथार्थदर्शन म्हणतात ते उगाच नाही.

जुनी पेन्सिल: एका जागी खिळलेल्या एका डोळ्यापुरता तो नियम आहे, हे अर्धे आपण वगळलेत. ब्रुनेलेस्कीने फ्लॉरेन्सच्या बाप्तिस्मा-मंदिराचे चित्र दाखवले ते फळीला भोक पाडून, मागून एक डोळा लावून आणि समोर आरसा धरून. इतका बंदोबस्त कशासाठी लागला असेल? आणि लग्नातला समूहफोटो आपण रुंद भिंगाने काढता, तेव्हा कडेला उभ्या असलेल्या आत्याबाईंचा चेहरा पसरतो की नाही?

लेन्सवाला: पसरतो. एकदा त्यावरून वधूपित्याने माझे पैसे अडवले होते, त्यामुळे ती आठवण नको. पण तो भिंगाचा दोष आहे.

जुनी पेन्सिल: भिंग निर्दोष असले तरी सपाट पृष्ठावर कडेचा गोल लांबटच पडतो, नियमच तसा आहे. राफाएलने व्हॅटिकनमधील ‘अथेन्सची शाळा’ या चित्रात उजव्या कडेला दोन माणसांच्या हाती गोल दिले आहेत. नियमाने ते लंबगोल हवेत, त्याने ते सरळ वर्तुळाकार काढले. त्यालाही कोणी पैसे अडवील अशी धास्ती असावी.

पाटपाणी: माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. आठवीत मी पंगत काढली होती. आजी समोरून दिसत होती, ताटे मात्र वरून पूर्ण गोल, कारण ताटात काय वाढले आहे हेच तर दाखवायचे होते. बाईंनी ‘दृष्टिकोन चुकला’ असे लिहून निम्मे गुण कापले. मग चित्रकला सुटलीच. तुमच्या त्या आल्बेर्तीमुळे किती मुलांची चित्रकला सुटली असेल, याचा हिशेब कोणी मांडायचा?

लेन्सवाला: म्हणजे आता मुलांना चूक सांगायचीच नाही? ताट आणि आजी दोन ठिकाणांहून पाहायची असेल तर त्या चित्रात चूक तरी कशाला म्हणायचे?

पाटपाणी: माझ्या आजीच्या पंगतीला चूक म्हणण्याआधी आपण निदान एकदा पंगतीत वाढून पाहा. वाढणारा चालत असतो, साहेब. तो एका जागी डोळा लावून बसत नाही.

जुनी पेन्सिल: पाटपाणीताई, आपण रागाच्या भरात या धाग्यातले सर्वांत नेमके वाक्य लिहिलेत. झांग झेदुआनचा नदीकाठचा चिनी पट सुमारे पाच मीटर लांब आणि जेमतेम पाव मीटर उंच आहे. तो हातभर उलगडत, मागचा गुंडाळत पाहायचा असतो. त्यात सगळ्या रेघा जिथे मिळतात असा एकच लोपबिंदू ठेवला असता तर तो एकाच ठिकाणी बरोबर दिसला असता आणि दोन्ही टोकांच्या घरांच्या भिंती भलत्याच ताणल्या गेल्या असत्या. म्हणून तिथे समांतर रेघा समांतरच राहतात. राजपुत्र गेंजीची कथा सांगणाऱ्या जपानी पटात तर घरांचे छप्परच उचलून ठेवले आहे, म्हणजे आतली माणसे वरून दिसतात. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात विश्वंतर जातकाची कथा भिंतीभर पसरली आहे आणि तोच राजपुत्र पुन्हापुन्हा भेटतो. ती भिंत चालत चालत पाहायची आहे. तिथे डोळा कुठे खिळवणार?

लेन्सवाल्यांच्या प्रश्नाचेही उत्तर देतो, कारण तो रास्त आहे. चूक तिथेही होते, पण ती त्या त्या रीतीच्या आत होते. समांतर रेघांच्या पटात एखादे घर मध्येच निमुळते झाले, तर तीही चूकच आहे. ताईंच्या चित्रात एक ताट गोल आणि शेजारचे चपटे असते, तर मीही गुण कापले असते.

पाटपाणी: सगळी गोल होती. सतरा.

रंगपेटी (धागाकर्ता): ठीक आहे, ‘दाखवताच येत नव्हती’ हे शब्द मागे घेतो, पेन्सिलकाकांनी फरशी पुसूनच घेतली माझी. तरी एक शंका उरते. माझाच्चोचे ‘त्रिमूर्ती’ हे भित्तिचित्र नियमाचा नमुना म्हणून सगळे सांगतात. त्यातली कमान खालून पाहिल्यासारखी काटेकोर आहे, गिलाव्यावर आखलेल्या रेघाही सापडल्या आहेत. पण येशू आणि त्याच्यामागचा देवपिता खालून पाहिल्यासारखे दिसत नाहीत, ते समोरासमोर आहेत. हे कसे?

लेन्सवाला: जमले नाही, इतकेच. १४२० च्या दशकात नियम नवा होता.

जुनी पेन्सिल: कमान जमली आणि माणूस जमला नाही, हे मला पटत नाही. देवाला हनुवटीखालून पाहायचे नाही असे त्याने ठरवले असावे. मात्र उच्चेल्लोने १४३६ साली फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलमध्ये घोडेस्वार रंगवला, त्यातही चौथरा खालून आणि घोडा थेट बाजूने दिसतो, आणि घोड्याच्या बाबतीत भक्तीचे कारण पुढे करता येत नाही. तेव्हा आपले म्हणणे मी अजून फेटाळलेले नाही, एवढे लिहून ठेवा.

लेन्सवाला: लिहून ठेवले, तारखेसह.