आरओई वाढला, पण कशामुळे?

> आरओई पाच वर्षांत १६ वरून २० टक्के झाला, म्हणजे धंदा सुधारलाच ना?

तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून तरी नाही. आरओई म्हणजे भागधारकांच्या निधीवर किती टक्के नफा झाला, ते. तेव्हा विक्री २०० कोटी, नफा १६, मालमत्ता १६० आणि भागधारकांचा निधी १०० कोटी होता. म्हणजे मार्जिन विक्रीच्या ८ टक्के, मालमत्तेची उलाढाल, म्हणजे विक्री भागिले मालमत्ता, १.२५ पट, आणि उसन्या पैशाचा जोर दाखवणारं लिव्हरेज, म्हणजे मालमत्ता भागिले निधी, १.६ पट. तिघांचा गुणाकार म्हणजेच आरओई, १६ टक्के.

आता विक्री ३००, नफा १८, मालमत्ताही ३०० आणि बायबॅकमुळे, म्हणजे कंपनीनं स्वतःचे शेअर परत विकत घेतल्यामुळे, निधी ९० कोटी. मार्जिन ६ टक्क्यांवर घसरलं, उलाढाल १ वर आली. लिव्हरेज मात्र ३.३३ झालं, आणि सगळी वाढ त्यातूनच आली. जुनं १.६ च राहिलं असतं तर आरओई ९.६ टक्के भरला असता!

एक मेख आहे. निव्वळ नफ्यातून व्याज आधीच वजा झालेलं असतं, त्यामुळे मार्जिन घसरण्यातही कर्जाचा हात असू शकतो. म्हणून व्याज आणि कर वजा होण्याआधीचा नफा विक्रीच्या किती टक्के, ते दोन्ही वर्षांचं काढा. तो टिकून असेल तर मार्जिन बहुधा व्याजानं खाल्लंय. तोही घसरला असेल तर मात्र मूळ धंद्यातच पाणी मुरतंय. शिवाय लिव्हरेजमध्ये पुरवठादारांची देणीही येतात, तेव्हा ताळेबंदात बँकेचं कर्ज किती, ते वेगळं बघाच.