साध्या डायव्हर्टिक्युलायटिसला अँटिबायोटिक लागतंच का?

«वडिलांच्या सीटी स्कॅनमध्ये डायव्हर्टिक्युलायटिस निघाला, पण डॉक्टरांनी फक्त पॅरासिटामोल देऊन घरी पाठवलं. हे धोक्याचं नाही का?»

डायव्हर्टिक्युलायटिस म्हणजे मोठ्या आतड्याच्या भिंतीला आलेल्या छोट्या पिशव्यांची सूज. सीटीत गळू, छिद्र काही नसेल आणि तब्येत एरवी धडधाकट असेल, तर हा निर्णय बरोबर आहे. स्वीडन-आइसलंडमधल्या (2012) आणि नेदरलँड्समधल्या (2017) चाचण्यांत अँटिबायोटिक न दिलेले रुग्णही तितकेच बरे झाले. स्पेनमध्ये (2021) तर असे रुग्ण घरीच ठेवले होते, तरी दवाखान्यात दाखल करायची वेळ थोड्यांवरच आली. कारण हा आजार बहुतेक वेळा जंतुसंसर्गापेक्षा आतड्याच्या भिंतीची सूजच असतो, असं आता मानतात.

समजा बावन्न वर्षांचा माणूस आहे, डाव्या ओटीपोटात दुखतंय, रक्ततपासणीत सूज दाखवणारा सीआरपी 60, उलटी नाही. त्याला पॅरासिटामोल, दोन-तीन दिवस पातळ आहार आणि दोन दिवसांनी फेरतपासणी पुरते. तोच सीआरपी 140च्या वर असता, किंवा तो स्टेरॉइड, केमोथेरपी घेत असता, तर मी अँटिबायोटिकचाच आग्रह धरला असता. तेव्हा घरी सहसा अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलनेट देतात, पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल तर सिप्रोफ्लॉक्सासिन आणि मेट्रोनिडाझोल जोडीनं. कोर्स साधारण 4 ते 7 दिवसांचा. मेट्रोनिडाझोलवर दारू बंद. आयब्युप्रोफेन मात्र स्वतःहून देऊ नका, त्यानं आतड्याला छिद्र पडण्याचा धोका वाढतो.

ताप चढला, पोट कडक झालं, पाणीही पोटात टिकेना किंवा दोन-तीन दिवसांत दुखणं उतरलं नाही, तर लगेच दवाखाना गाठा.