प्रतिसाद: र नक्की कुणाचा?

> ‘बरुबाह’मध्ये र आहे, मग ‘मङुबाह’त तो कुठे गेला? ‘मरुबाह’ का नाही?

इंडोनेशियन भाषेतल्या ‘बरुबाह’मधला तो र मूळ शब्दाचा नाहीच, ‘बर’ या उपसर्गाचा आहे. मूळ शब्द ‘उबाह’, म्हणजे बदल. ‘मङुबाह’त उपसर्ग वेगळा, ‘मN’; त्यातला N म्हणजे पुढच्या अक्षराप्रमाणे बदलणारा अनुनासिक. स्वराआधी ‘मN’चा ‘मङ’ होतो (‘अंग’मधला ग न म्हणता नाकातला आवाज), म्हणून मङ + उबाह = मङुबाह.

फसायला होतं ते ‘बरनांग’सारख्या शब्दांमुळे. तिथे मूळ शब्द ‘रनांग’ (पोहणे), आणि र पुढे आला की ‘बर’चा र गळतो. त्याच चालीवर लोक बरुबाह = ब + रुबाह असं तोडतात. पण ‘रुबाह’ म्हणजे कोल्हा! खुद्द इंडोनेशियन लोकही सर्रास ‘मरुबाह’ म्हणतात. प्रमाण भाषेत मात्र ते चूकच.

अर्थातला फरक आपल्याला अवघड जाऊ नये. ‘दिया मङुबाह रन्चाना’ म्हणजे त्याने बेत बदलला. ‘रन्चाना बरुबाह’ म्हणजे बेत बदलला. मराठीत ‘बदलणे’ एकच क्रियापद दोन्हीकडे चालतं, त्यांच्याकडे कर्म असलं की मN, आपोआप बदललं की बर. सगळ्याच जोड्या इतक्या सरळ नसतात, पण ही पक्की करा. शंका आली की शब्दकोशात उ खाली शोधा.