मदत हवी आहे: दोन्ही गटांत पुढे, एकूणात मागे. माझ्या सिद्धतेत भोक कुठे आहे?

कोरा_कागद

मी एम.एस्सी. संख्याशास्त्र, पहिलं वर्ष. सरांनी मुतखड्याचं ते प्रसिद्ध उदाहरण दिलं. १९८६ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये चॅरिग आणि सहकाऱ्यांनी खडे काढण्याच्या पद्धतींची तुलना छापली होती, त्यातले हे आकडे. एक पद्धत म्हणजे जुनी उघडी शस्त्रक्रिया, दुसरी पाठीला छोटं छिद्र पाडून दुर्बिणीतून खडा काढणं, म्हणजे पीसीएनएल. किती जणांपैकी किती जणांत यश आलं ते असं:

```
                   उघडी             पीसीएनएल
लहान (<२ सेमी)     ८१/८७   (९३%)    २३४/२७० (८७%)
मोठे (≥२ सेमी)     १९२/२६३ (७३%)    ५५/८०   (६९%)
एकूण               २७३/३५० (७८%)    २८९/३५० (८३%)
```

लहान खड्यांत उघडी पुढे, मोठ्यांतही उघडी पुढे, आणि बेरीज केली की पीसीएनएल पुढे. बेरजा तीनदा तपासल्या, बरोबर आहेत. याला सिम्प्सनचा विरोधाभास म्हणतात हेही माहीत आहे, तेव्हा कृपया नाव सांगून मोकळं होऊ नका.

माझी अडचण अशी की हे घडूच शकत नाही अशी सिद्धता माझ्या वहीत आहे:

```
P(यश|उघडी)    = P(यश|उघडी,लहान)·P(लहान)    + P(यश|उघडी,मोठा)·P(मोठा)
P(यश|पीसीएनएल) = P(यश|पीसीएनएल,लहान)·P(लहान) + P(यश|पीसीएनएल,मोठा)·P(मोठा)
```

वरच्या ओळीतला प्रत्येक गुणाकार खालच्यापेक्षा मोठा, म्हणून बेरीजही मोठी. आकडे खोटे नाहीत, मग सिद्धतेत काहीतरी खोटं असणार. ते कुठे?

बाराखडी

विदा कमी आहे हो. ८० आणि ८७ हे गट बघा, त्यांच्या शेजारी २६३ आणि २७०. इतके विषम गट घेतले की टक्केवारी अशी उड्या मारणारच. हजारो रुग्ण घ्या, विरोधाभास आपोआप विरघळेल.

सुमनताई

माझ्या मिस्टरांना १४ मिमीचा खडा निघालाय. म्हणजे २ सेमीच्या आतला. या तक्त्याप्रमाणे उघडं ऑपरेशन ९३ टक्के, मग डॉक्टर दुर्बिणीचं का सांगतायत? कोणी केलंय का इथे?

मुक्काम_पोस्ट

सुमनताई, या तक्त्यावरून काहीही ठरवू नका. यातल्या उघड्या शस्त्रक्रिया १९७२ ते ८० मधल्या आहेत आणि पीसीएनएल १९८० ते ८५ मधल्या, म्हणजे ते तंत्र नवीन होतं तेव्हाच्या. शिवाय इथे यश म्हणजे खडा गेला की नाही एवढंच. किती दिवस खाटेवर पडावं लागलं, जखम केवढी होती, हे या टक्क्यांत कुठेच नाही. आज साध्या खड्यासाठी पोट सहसा कोणी उघडत नाही. मिस्टरांचे रिपोर्ट घेऊन यूरोलॉजिस्टशीच बोला.

बाराखडी, अर्धं बरोबर. विषमता हेच कारण आहे, पण विदा कमी असणं हे नाही. तक्त्यातला प्रत्येक आकडा हजाराने गुणा. ८१,००० पैकी ८७,००० नव्हे, ८७,००० पैकी ८१,००० म्हणा. एकही टक्का हलणार नाही, उलटापालट जशीच्या तशी राहील. आणि दोन्ही पद्धतींचे एकूण रुग्ण तर समसमान, ३५०–३५० आहेत. विषमता आतल्या वाटणीत आहे.

आता कोरा_कागद. भोक पहिल्याच ओळीत आहे. तिथे P(लहान) लिहिलंय ते P(लहान|उघडी) हवं. डाव्या बाजूला ‘उघडी’ ही अट लावलीत की उजवीकडच्या प्रत्येक पदाला ती लावावी लागते, भारांनासुद्धा. तुम्ही यशाला अट लावली आणि भारांना मोकळं सोडलं.

```
P(यश|उघडी) = P(यश|उघडी,लहान)·P(लहान|उघडी) + P(यश|उघडी,मोठा)·P(मोठा|उघडी)
```

आता भार काढून बघा. उघडीच्या ३५० मध्ये लहान खडे ८७, म्हणजे २५%. पीसीएनएलच्या ३५० मध्ये २७०, म्हणजे ७७%. दोन ओळींतले भार वेगळे निघाले, की ‘प्रत्येक गुणाकार मोठा’ हे वाक्य कोसळतं. लहान खड्यांपुरतं बघा: ०.९३ × ०.२५ आणि ०.८७ × ०.७७. दुसरा गुणाकार पहिल्याच्या जवळजवळ तिप्पट आहे.

कोरा_कागद

अट भारांनाही लागते हे पटलं. पण ते अजून बीजगणित म्हणूनच पटलंय. भार इतके वेगळे झाले कसे? आणि किती वेगळे झाले की निकाल उलटतो? थोडेसे वेगळे असते तर चाललं असतं ना?

मुक्काम_पोस्ट

कसे झाले, तर सहसा असं सांगतात की डॉक्टरांनी खडा बघून पद्धत निवडली; दोन्हींचा काळ वेगळा असल्याने ते कितपत खरं हे सांगता येत नाही, पण वाटणी तशीच दिसते. मोठा, अडचणीचा खडा असेल तर उघडं करायचं, लहान असेल तर छिद्र पाडून काढायचं. त्यामुळे ‘या रुग्णाची उघडी शस्त्रक्रिया झाली’ एवढं जरी मला कोणी सांगितलं, तरी खडा न बघता मी पैज लावीन की तो मोठा होता. P(यश|उघडी) मधल्या त्या उभ्या रेघेच्या उजवीकडे फक्त शस्त्रक्रिया दिसते, पण तिच्यासोबत खड्याची बातमीही आत येते. खडा मोठा असला की कुठल्याही पद्धतीने यश कमीच. अवघड पेपर ज्याच्या वाट्याला आले त्याचे एकूण गुण कमी दिसले, एवढंच.

किती वेगळे हवेत ते पूर्णांक टक्क्यांनी तोंडी निघतं. एखाद्या पद्धतीच्या रुग्णांत लहान खड्यांचा वाटा w धरा. मग एकूण यश:

```
उघडी     = ७३ + २०w
पीसीएनएल = ६९ + १८w
```

w दोन्हीकडे सारखा असेल तर उघडी नेहमीच पुढे, निदान ४ टक्क्यांनी. तुमची सिद्धता खरी ठरते ती इथे. पण उघडीला w = ०.२५ मिळाला, म्हणून ती ७८ वर अडकली. पीसीएनएलला ७८ गाठायला १८w = ९ हवं, म्हणजे w = ०.५. तिच्याकडे लहान खडे बरोबर निम्मे असते तर बरोबरी झाली असती, निम्म्याहून कमी असते तर उघडीच पुढे राहिली असती. तिला मिळाले ७७%, म्हणून ती ८३ पर्यंत चढली. थोडासा फरक चालला असता, हा तुमचा अंदाज बरोबर आहे.

आणखी एक बघून ठेवा. उघडीचं एकूण ७३ आणि ९३ च्या मध्येच कुठेतरी पडणार, पीसीएनएलचं ६९ आणि ८७ च्या मध्ये. हे दोन पट्टे एकमेकांवर चढलेले आहेत, म्हणून उलटायला जागा आहे. उघडीचा सर्वांत वाईट गट पीसीएनएलच्या सर्वांत चांगल्या गटापेक्षाही वर असता, तर भार कसेही वाटा, निकाल उलटला नसता.

कोरा_कागद

हे ७३ + २०w फार कामाचं आहे, धन्यवाद. मग माझ्या वहीतल्या ओळी निव्वळ चूक, की त्यांनाही काही अर्थ आहे?

मुक्काम_पोस्ट

अर्थ आहे, फक्त डावी बाजू चुकीची आहे. सगळे ७०० रुग्ण एकत्र धरले तर लहान खडे ३५७, म्हणजे ५१%. हाच भार दोन्ही पद्धतींना लावला की उघडी ८३.३% आणि पीसीएनएल ७७.९% येते. जे पूर्वी दिसत होतं त्याच्या जवळपास अदलाबदल! हे उत्तर वेगळ्या प्रश्नाचं आहे: याच सातशे जणांना, खडा न बघता, सरसकट एकच पद्धत लावली असती तर किती जण बरे झाले असते? डाव्या बाजूला P(यश|उघडी) ऐवजी हा प्रश्न लिहा, तुमची सिद्धता शाबूत राहते. नाणं उडवून पद्धत ठरवली असती, तर P(लहान|उघडी) आणि P(लहान) साधारण सारखेच आले असते आणि दोन प्रश्नांचं उत्तर एकच निघालं असतं.

मात्र हे म्हणताना मी एक गृहीत धरतोय, की खड्याचा आकार सोडून या रुग्णांत दुसरा महत्त्वाचा फरक नव्हता. दोन पद्धतींचा काळच वेगळा आहे, तेव्हा हे गृहीत मला स्वतःला फारसं पचत नाही.

चाकणकर

हे आमच्या शॉपमध्ये रोज चालतं! दोन सीएनसी मशीन आहेत. नवीन मशीनचं रिजेक्शन महिन्याच्या रिपोर्टात नेहमी जास्त, साहेब त्यावरून ओरडणार. खरं म्हणजे बारीक टॉलरन्सचे जॉब सुपरवायझर मुद्दाम नवीनवर चढवतो. जॉबप्रमाणे फोड केली की प्रत्येक प्रकारात नवीन मशीन सरस. तात्पर्य काय, नेहमी फोड करूनच बघावं.

मुक्काम_पोस्ट

तुमच्या बाबतीत फोड बरोबर आहे, कारण टॉलरन्स ड्रॉइंगवर आधीच लिहिलेला असतो, जॉब मशीनवर चढण्याच्या आधी. पण ‘नेहमी’ला माझा विरोध. समजा तुम्ही ‘मधेच टूल बदलावं लागलेले जॉब’ आणि ‘न बदललेले जॉब’ अशी फोड केलीत. टूल झिजणं ही मशीनचीच करणी असू शकते. जे मशीन टूल लवकर खातं, त्याचा तोच दोष तुम्ही फोडीतून बाजूला काढून टाकाल आणि ते मशीन निर्दोष दिसेल. तिथे एकूण आकडाच जास्त प्रामाणिक. औषधाचंही तसंच: रक्तदाब उतरवून काम करणारं औषध असेल, तर औषध घेतल्या*नंतरच्या* रक्तदाबावर रुग्णांचे गट पाडायचे नाहीत.

खड्याचा आकार शस्त्रक्रियेआधी ठरलेला होता, म्हणून तिथे फोड चालते. हे तक्त्यातले आकडे सांगत नाहीत. दोन्ही कहाण्यांत आकडे हुबेहूब तेच असू शकतात.

चाकणकर

आमच्याकडे टूल बदलल्याची नोंद त्याच जॉब कार्डवर असते. पण टूल मशीनमुळे झिजलं की मटेरियल कडक आलं म्हणून, ते कार्डावरून कसं कळणार? दोन्ही होतं आमच्यात.

मुक्काम_पोस्ट

कार्डावरून नाही कळणार. एकाच हीटचं मटेरियल काही दिवस दोन्ही मशीनवर मुद्दाम अर्धं-अर्धं चढवायला सुपरवायझर तयार होईल का, ते बघा.

बाराखडी

माझा मुद्दा अजून पूर्ण गेलेला नाही. आत्ता हिशोब केला. लहान खड्यांत ९३ विरुद्ध ८७, मोठ्यांत ७३ विरुद्ध ६९, एकूण ७८ विरुद्ध ८३: यातला एकही फरक ५ टक्क्यांच्या कसोटीला उतरत नाही. लहान खड्यांचा z जेमतेम १.६, मोठ्यांचा ०.७, एकूणाचा १.५. मग ‘उघडी प्रत्येक गटात जिंकते’ हे तरी कशाच्या जोरावर म्हणताय?

मुक्काम_पोस्ट

हे मान्य. ‘या ७०० जणांत उघडी पुढे होती’ एवढंच म्हणता येतं, ‘उघडी सरस आहे’ हे नाही. उलटापालट ही बेरजेची गोष्ट, तिला z लागत नाही. पण उद्या याच आकड्यांवरून कोणी शस्त्रक्रिया निवडू लागला, तर तुमचा आक्षेप माझ्या सगळ्या भारांच्या आधी उभा राहील.

कोरा_कागद

सरांनी हे z चं सांगितलंच नव्हतं. दोन्ही गट एकत्र धरून, पण भार समान ठेवून, एकच कसोटी लावता येईल ना? मँटेल-हेन्झेल त्यासाठीच असते असं वाटतंय. रात्री करून आकडा इथे टाकते, कोणीतरी तपासा.

सुमनताई

डॉक्टरांची सोमवारची वेळ मिळाली. तिथे २ सेमीचं विचारते.