कुणाला न दिसलेलं काम करणारा माणूस: तुमचे अनुभव

उद्यमबागवाला: परवा पावसाची झड लागली आणि आमच्या फाउंड्रीतले कोर शॉपचे मामा आठवले. सीओटू कोर, म्हणजे कास्टिंग आतून पोकळ राहावं म्हणून साच्यात ठेवायचा वाळूचा गाभा, पावसाळ्यात ओल धरतो. तसाच साच्यात बसवला की लोखंड ओतताना वाफ होते आणि कास्टिंगच्या पोटात ब्लोहोल राहतो. वरून माल चकाचक, गिऱ्हाइकाच्या मशीनवर चढला की भोक उघडं पडतं.

मामांनी कोरचे रॅक ओल्या भिंतीपासून ओढून भट्टीच्या बाजूला घेतले. रोजच्या कोरवर खडूची रेघ, आज पिवळी, उद्या निळी. कन्नडवाला असो की मराठीवाला, जुना रंग आधी उचलायचा. उरलाच तर परत तापवायचा. ब्लोहोलचा माल कमी झाला.

बक्षीस दरवर्षी डिस्पॅचवाल्याला, रात्र जागून परत आलेला माल बदलून दिला म्हणून. मी क्वालिटीत असून दोन पावसाळे मला पत्ता नाही.

निपाणीकर: पाऊस कमी झाला असेल की त्या वर्षी. मामांना फुकटचं क्रेडिट!

उद्यमबागवाला: मलाही तसंच वाटलेलं. मग रिजेक्शन रजिस्टरची जुलै-ऑगस्टची पानं काढली. कोरवाल्या मालात शंभराला सात-आठ जायचे, ते दोनवर आले. बिनकोरच्या मालाचा आकडा होता तिथंच. पाऊस तर दोघांवर सारखाच पडला ना?

टिळकवाडी_७२: सोपं आहे, वाळूत पाणीच कमी घालायचं. जेवढी कोरडी तेवढी बरी.

सँडप्लांट: साहेब, ती साच्याची वाळू, कोरची नव्हे. आणि तीही फार कोरडी केली की साच्याची कड ढासळते, वाळू कास्टिंगमध्ये अडकते. ब्लोहोल गेला नि दुसरंच दुखणं आलं.

खानापूरची_सून: आमच्या पतसंस्थेत एक बाई पिग्मीची पासबुकं महिन्याला वीस-वीस मागवून खात्याशी ताडून बघायच्या. एजंट चिडायचे. एकदा घोळ सापडला तो नव्वद रुपयांचा, म्हणून सगळे हसले. मोठा झालाच नाही तर दाखवणार काय? गॅसवर दूध आहे, नंतर लिहिते.

निपाणीकर: आमच्यात पंचवीस वर्षं झाली की घड्याळ देतात. माझं आठवड्यात बंद पडलं 😂

उद्यमबागवाला: अहो, नोकरीच्या वर्षांबद्दल नाही चाललंय!

गोकाक_रोड: मामांना शेवटी काय मिळालं?

उद्यमबागवाला: रजिस्टरची दोन्ही पानं मालकांपुढे ठेवली. स्टेजवर यायला मामा तयार नाहीत. म्हणाले, "शाल घेऊन काय करू? रॅकवरचा पत्रा गळूलालाय, तो बदला." पत्रा बदलला. खडूची पद्धत भिंतीवर लिहून लावली, खाली त्यांचं नाव. पगारवाढ मात्र सगळ्यांएवढीच. त्यावरून माझं नि मालकांचं वाजलं, ते अजून मिटलेलं नाही.

खानापूरची_सून: दूध उतू गेलं.