उपपद लग्नापासून दुसरं: हे मराठीत कसं लिहायचं?

कागदीघोडा
एक इंग्रजी मजकूर मराठीत करतेय, जैमिनी पद्धतीनं जोडीदार कसा मिळेल आणि संसार टिकेल का ते बघण्यावर आहे. मी लिहिलं, "उपपद लग्नापासून दुसरे शुभ असेल तर विवाह टिकतो." मुद्रितं बघणाऱ्या मित्रानं बाजूला पेन्सिलीनं लिहून पाठवलं, "म्हणजे दुसरं लग्न टिकतं, पहिलं नाही?" हसू आलं पण वाचणारा असाच अडखळणार हे खरंय. मग "उपपदाच्या पुढचे घर" केलं तर म्हणतो घर नको, स्थान लिही. तुम्ही लोक काय लिहाल?
आणि जाता जाता, नमुना म्हणून आमच्या भाचीची पत्रिका घेतलीय, तिचं उपपद सॉफ्टवेअर कन्या दाखवतंय आणि मामा धनु म्हणतायत. कर्क लग्न, बुध कन्येत, रवी तुळेत, गुरू सिंहेत.

मास्तरीणबाई
उपपद म्हणजे आमच्या इंग्रजीच्या तासाला अ, अ‍ॅन, द. नाहीतर मग उपपद तत्पुरुष, ग्रंथकार, जलद वगैरे. पत्रिकेत उपपद कुठून आलं बाई? मला तर आधी वाटलं उपपद लग्न म्हणजे पाटाचं लग्न असतं तसा काही प्रकार असेल.

सातारी तडका
लग्न म्हणजे मुळात चिकटलेलं, क्षितिजाला लागलेली रास. विवाह हा अर्थ नंतर मुहूर्तावरून आला. तेव्हा मूळ अर्थ सोडायचा नाही, वाचकाला कळत नसेल तर वाचकानं शिकावं. आणि घर काय, कुंडलीत माणसं राहतात का? स्थान.

चिंगी७७
माझ्या दुसऱ्या स्थानी मंगळ आहे, याच कारणानं दोन ठिकाणी नकार आला. म्हणजे माझं लग्न टिकणार नाही का? प्लीज कोणीतरी सांगा.

मोडीवाचक
चिंगी, तुझं दुसरं हे लग्नापासूनचं आहे आणि इथे चाललंय ते उपपदापासूनचं, दोन वेगळ्या गोष्टी. आपल्याकडे मंगळ १, ४, ७, ८, १२ मध्ये बघतात, दुसरं धरायची चाल दक्षिणेकडची. आधी तुझं उपपद काढ, मग बोलू.

कागदीघोडाताई, आधी कन्या की धनु ते बघू. उपपद म्हणजे व्ययस्थानाचं आरूढ पद. कर्क लग्नाला बारावी मिथुन, स्वामी बुध. मिथुनेपासून बुधापर्यंत मोजा, मिथुन कर्क सिंह कन्या, चार. बुधापासून पुन्हा चार, कन्या तूळ वृश्चिक धनु. मामांची धनु इथून आली असणार. पण पद मूळ राशीतच किंवा तिच्या सातवीत पडलं तर ते तिथं ठेवत नाहीत, तिथून दहावी रास घेतात. धनु ही मिथुनेची सातवी, म्हणून धनुपासून दहावी, कन्या. सॉफ्टवेअर बरोबर आहे.

फरक लहान नाही. उपपद धनु धरलं तर पुढची मकर, तिचा स्वामी शनी, आणि तिथं रवीचा संबंधच उरत नाही. कन्या धरली तर पुढची तूळ, स्वामी शुक्र, आणि रवी तिथंच बसलेला. एक अपवाद विसरला की अख्खा निकाल बदलतो.

सातारी तडका
अपवाद कशाला, जैमिनी स्वतः म्हणतात "स्वस्थे दाराः". म्हणजे स्वामी स्वस्थानी असेल तर पत्नी मिळते. बुध कन्येत म्हणजे स्वराशीत, झालं की.

मोडीवाचक
हीच फसगत सगळ्यांची होते. ते सूत्र पद कसं काढायचं याचंच आहे, तिथं दारा म्हणजे बायको नाही, आकडा आहे. कटपयादी लावा, द ला ८, र ला २, उलट्या क्रमानं वाचलं की २८, त्यातून १२ चे दोन फेरे काढले की उरले ४. स्व मध्ये शेवटचं व्यंजन व, त्याचेही ४. म्हणजे स्वामी चौथ्यात असेल तर पद चौथ्यातच. तुमच्या भाचीचा बुध मिथुनेपासून चौथा, पद चौथ्यात, कन्या. वर जे मोजत बसलो ते ऋषींनी दोन शब्दांत उरकलंय.

मास्तरीणबाई
अहो दार शब्द संस्कृतात पुल्लिंगी आणि कायम बहुवचनी! बायकोसाठी! आणि आता त्याचे चार निघाले, उत्तम.

निवृत्त कारकून
मोडीवाचक हिशेब बरोबर पण पुढचं अर्धंच सांगितलंत. तुळेत रवी नीच. उपपदाच्या दुसऱ्यात नीच ग्रह म्हणजे दारनाश, स्पष्ट लिहिलंय. माझ्या एका नातेवाइकाचं असंच होतं, तीन वर्षांत वेगळे झाले. कन्या उपपद असेल तर स्थळ बघताना जपून.

मोडीवाचक
कारकूनकाका, तिथंच जैमिनींचं सूत्र आहे "नात्र रविः पापः", या ठिकाणी रवीला पापग्रह धरू नका म्हणून. नीच आहे हे खरं, तेव्हा रवी पापी नाही एवढ्यावर सुटका होत नाही, पण पापी आणि नीच दोन्ही जमेला धरून घाबरवणंही बरोबर नाही. पुढे शुभ दृष्टी असली तर दोष जातो असंही सूत्र आहे. आता गुरू सिंहेत. नेहमीच्या पाराशरी दृष्टीनं सिंहेतला गुरू धनु, कुंभ आणि मेष बघतो, तूळ नाही. पण जैमिनीत राशी राशीला बघते, स्थिर रास जवळची सोडून बाकीच्या चर राशींना, म्हणजे सिंहेची दृष्टी मेष, तूळ, मकर. तूळ सापडली. अर्धी पत्रिका पाराशरीनं आणि अर्धी जैमिनीनं बघितली की असे दारनाश निघतात. शिवाय उपपदाचा स्वामी उपपदातच आणि उच्च, सासर चांगलं मिळायला हे अनुकूल धरतात. मी तरी "टिकेल, पण जोडीदाराच्या तब्येतीकडे किंवा मानापमानाकडे लक्ष असू द्या" एवढंच म्हणेन. आणि सप्तम, शुक्र, नवांश न बघता एकट्या उपपदावरून कुणी निकाल दिला तर ऐकू नका.

निवृत्त कारकून
नीच तो नीच. नातेवाइकाच्या पत्रिकेत गुरूची दृष्टी होती का ते आता आठवत नाही.

कागदीघोडा
पण दुसरंच का? मजकुरात कारण दिलेलं नाही.

मोडीवाचक
दुसरं म्हणजे कुटुंबस्थान, पोसणारं, हे एक. दुसरं कारण मला जास्त पटतं. उपपदाचं सातवं ही जोडीची समोरची बाजू, आणि त्या सातव्यापासून आठवं मोजलंत तर परत उपपदाचं दुसरंच येतं. आठवं म्हणजे आयुष्य, त्या नात्याचं.
आणि मामांना एकदम चुकीचं ठरवू नका. सूत्रात "पित्रनुचरात्" आहे, लग्नाच्या मागून जाणाऱ्यापासून, आता मागचा म्हणजे बारावा की दुसरा यावर टीकाकारांत वाद आहे. काही जण लग्नरास विषम की सम यावरून बदलतात. तुमच्या भाचीला दुसरं घेतलं तर सिंह, तिचा रवी तिसऱ्या राशीत तुळेत, तिथून तिसरी धनु. म्हणजे मामा अपवाद विसरले असतील किंवा त्या परंपरेचे असतील, उत्तर धनुच येतं. त्यांनी कुठून मोजलं ते विचारा.

कागदीघोडा
मामा म्हणाले, "आमच्या गुरुजींनी असंच शिकवलं." पुढे काही बोलेनात.
बरं ते घर की स्थान?

सातारी तडका
स्थान.

मास्तरीणबाई
घर. आमचे गुरुजी आयुष्यभर "शनी कुठल्या घरात बसलाय बघ" म्हणायचे आणि ते सदाशिव पेठेतले होते, हिंदीचा वाराही लागला नव्हता.

मोडीवाचक
मी लग्न शब्द गाळला असता. "उपपदापासून द्वितीय" लिहा, मित्राची पेन्सिल थांबेल.

सातारी तडका
लग्न गाळायचं? उद्या लग्नेशाला काय म्हणाल, नुसता ईश?

चिंगी७७
मोडीवाचक, वृषभ लग्न, बारावी मेष, मंगळ मिथुनेत. तीन मोजून तीन पुढे, सिंह आली. पुढची कन्या, रिकामी आहे. आता?

मोडीवाचक
मोजणी बरोबर. रिकामी असली तरी स्वामी आहेच, बुध कुठे ते सांग. आणि कन्येवर कोणाची दृष्टी आहे तेही, राशीची.